उष्णता टेस्ट, दहावी ब: कुठला पर्याय का चुकला

पोरांनो, शनिवारच्या टेस्टचे मार्क तुम्हाला दिसलेच असतील. मार्क बघून फॉर्म बंद करू नका. तुम्ही जो पर्याय टिक केलाय त्याच्या खालचं आधी वाचा. बरोबर आलं असेल तरी वाचा, कारण दोन-चार जणांनी तुक्का मारलाय हे मला कळतं, वही बघितलीये मी.

प्रश्न १. बादलीत २० अंशाचं ३ लिटर गार पाणी आहे. त्यात ८० अंशाचं १ लिटर गरम पाणी ओतलं. मिश्रणाचं तापमान किती? (बादली आणि हवेकडे जाणारी उष्णता सोडून द्या.)

अ) ५० अंश. अर्ध्याहून जास्त वर्ग इथेच पडला. ८० आणि २० ची सरासरी काढली ना? ती चालली असती, पण दोन्ही पाणी सारखं असतं तर. इथे गार पाणी तिप्पट आहे. घरी आंघोळीला आठवा, बादलीभर गार पाण्यात एक तांब्या उकळतं पाणी टाकून बादली अर्धी गरम होते का? मग आई दुसरा तांब्या का आणते? प्रश्नात लिटर दिलेत म्हणजे ते वापरायला दिलेत.

ब) ३५ अंश. बरोबर. गरम पाण्याने दिलेली उष्णता = गार पाण्याने घेतलेली उष्णता. म्हणजे १ × (८० − T) = ३ × (T − २०), सोडवलं की ४T = १४०. ताळा करा: गरम पाणी ४५ अंश उतरलं, गार पाणी १५ अंश चढलं, आणि १५ चे तिप्पट ४५. हा ताळा पेपरातही करायचा, दहा सेकंद लागतात.

क) ६५ अंश. तुमची रीत बरोबर आहे, फक्त लिटरची अदलाबदल झाली, ८० ला ३ ने गुणलंत आणि २० ला १ ने. ज्यांचं हे आलंय त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, आकडा लांब गेला तरी रीतीत तुम्ही ५० वाल्यांच्या पुढे आहात. पण गार पाणी जास्त असताना मिश्रण गरमकडे झुकेल का, एवढं स्वतःला विचारलं असतं तर तिथेच पकडलं असतं.

ड) १०० अंश. तापमानांची बेरीज होत नाही. ३० अंशाचे दोन ग्लास एकत्र ओतले तर ६० अंशाचं पाणी मिळतं का? नाही ना. बेरीज उष्णतेची होते. मिश्रण सगळ्यात गरम पाण्यापेक्षा गरम निघूच शकत नाही.

प्रश्न २. १०० अंशाच्या पाण्यापेक्षा १०० अंशाच्या वाफेने जास्त भाजतं, कारण...

अ) वाफेचं तापमान जास्त असतं. प्रश्नातच दोन्हीकडे १०० लिहिलंय! घाईत वाचलंत. हे विज्ञानाचं नाही, वाचायचं चुकलंय.

ब) वाफ हलकी असल्याने त्वचेच्या आत शिरते. ऐकायला पटतं म्हणून मी मुद्दाम टाकलेला पर्याय, आणि बरेच जण फसलात. भाजणं आत शिरण्यावर नाही, त्वचेला किती उष्णता मिळाली त्यावर ठरतं.

क) वाफेचं पाणी होताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो. बरोबर. नुसतं वाक्य पाठ असेल तर आकडे बघा. १ ग्रॅम उकळतं पाणी हातावर पडून ३७ अंशापर्यंत आलं तर ६३ कॅलरी देतं. १ ग्रॅम वाफ मात्र आधी पाणी होतानाच ५४० कॅलरी देते, आणि मग त्याच पाण्याच्या वरच्या ६३, म्हणजे एकूण ६०३. साडेनऊ पटीच्या आसपास! कुकरचं झाकण उघडताना तोंड बाजूला का करायचं ते कळलं.

ड) वाफेची विशिष्ट उष्माधारकता पाण्यापेक्षा जास्त असते. शब्द भारी निवडलात पण उलटं आहे, वाफेची पाण्याच्या जवळपास निम्मी असते. मोठा शब्द दिसला की तेच उत्तर असेल, ही सवय सोडा.

प्रश्न ३. कळसूबाईच्या माथ्यावर उघड्या पातेल्यात डाळ शिजायला खालच्या गावापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण...

अ) वर पाणी उकळायलाच जास्त वेळ लागतो. वाऱ्यात स्टोव्ह भडकत नाही ते वेगळं. तेवढीच आच मिळाली तर पाणी वर उलट लवकर उकळतं, कारण १०० पर्यंत जायचंच नाहीये. वेळ लागतो तो उकळी आल्यानंतर.

ब) वर पाणी कमी तापमानाला उकळतं. बरोबर. माथा १६४६ मीटरवर, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण ९५ अंशालाच उकळतं. पुढे आच कितीही वाढवा, पाणी जास्त तापत नाही, नुसतं भराभर आटतं. डाळीला मिळतात ते ९५च. कुकर याच्या बरोब्बर उलटा, आत दाब वाढतो आणि पाणी १२० अंशाच्या आसपास जातं, म्हणून तीन शिट्ट्यांत काम.

क) वरची थंड हवा पातेलं गार करत राहते. यात थोडं तथ्य आहे, उष्णता जाते आणि इंधन जास्त लागतं. पण पाणी खळखळून उकळतंय तोवर त्याचं तापमान उत्कलनबिंदूलाच असतं, बाहेर थंडी असो की ऊन. हे टिक करणाऱ्याने विचार केला होता, मार्क मात्र देता येत नाही.

ड) वर हवेचा दाब जास्त असतो. वर चढलं की डोक्यावरची हवा कमी होते, त्यामुळे दाबही कमी.

प्रश्न ४. एकाच कुंभाराकडचे दोन सारखे माठ. मे महिन्यात एक नागपूरला ठेवला, एक रत्नागिरीला. आजूबाजूच्या हवेच्या मानाने कुठलं पाणी जास्त गार होईल?

अ) रत्नागिरीचं, कारण तिथे ऊन कमी. प्रश्न 'हवेच्या मानाने' असा आहे. पाणी किती अंशाचं ते विचारलेलं नाही, हवेपेक्षा किती अंश खाली गेलं ते विचारलंय.

ब) नागपूरचं, कारण तिथली हवा कोरडी. बरोबर. माठातून पाझरलेलं पाणी बाहेर उडून जातं आणि जाताना लागणारी उष्णता आतल्या पाण्याकडून घेतं. हवा कोरडी तेवढं बाष्पीभवन जोरात. विदर्भात कूलर जबरदस्त चालतो आणि कोकणात तोच कूलर लावला की अंग नुसतं चिकचिकतं, ते यामुळेच.

क) दोन्हीकडे सारखंच, कारण माती थंड असते. माती स्वतः थंड नसते. रिकामा माठ दोन तास सावलीत ठेवा आणि आत थर्मामीटर धरा, खोलीचंच तापमान दाखवेल. माठ आतून-बाहेरून तेलाने माखला, छिद्रं बुजली, की पाणी गार होणं जवळपास थांबतं. घरी करून बघणार असाल तर जुना माठ घ्या, नाहीतर माझ्या नावाने तक्रार येईल.

ड) रत्नागिरीचं, कारण हवेतलं बाष्प माठावर जमून तो गार होतो. प्रश्न २ परत वाचा. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे माठ गार न होता तापेल. ज्यांनी तिथे 'क' बरोबर केलं आणि इथे 'ड' टिक केलं त्यांनी सोमवारी मधल्या सुट्टीत भेटा, पाच मिनिटांचं काम आहे. टेस्ट बुधवारी परत उघडते, आकडे बदललेले असतील.