मुक्ताचा लटक्या

ऐका हं, बेळगावजवळच्या येळ्ळूरात एक मुलगी राहते, तिचं नाव मुक्ता. तिच्या घराच्या मागच्या दारातून राजहंसगड दिसतो, पण पावसाळ्यात तो ढगात लपतो, मग मुक्ता म्हणते गड आज पांघरूण घेऊन झोपलाय.

तिसरीत आहे ती. आणि तिचा पुढचा एक दात हलतोय, जिभेनं ढकलला की पुढं, सोडला की मागं, दिवसभर तेच चाललेलं.

एका रविवारी दुपारी मुक्ता कुणाशीच बोलेना. जेवली पण अर्धीच भाकरी. आई म्हणाली काय झालं गं, तर म्हणे काय न्हाई. बाबा म्हणाले चल शेताकडं जाऊया, तर म्हणे नको. आणि मग एकदम म्हणाली, "मी उद्या शाळेला जात न्हाई!"

आज्जी सोप्यात बसून सुपात तांदूळ पाखडत होती. फट् फट् फट्. तिनं वर पण बघितलं नाही, नुसतं म्हणाली, "ये, हितं बस माझ्याजवळ."

मुक्ता बसली, गुडघ्यात डोकं घालून.

"कुठं दुखतंय?"

"दुखत न्हाई. पोटात कायतरी हाय. गोळा."

"केवढा?"

मुक्तानं दोन्ही हात ताणता येतील तेवढे ताणले. "एवढा! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढा!"

"अगं बाई," आज्जी म्हणाली, आणि ती हसली नाही हं, तिनं खरंच मुक्ताच्या पोटाकडं बघितलं. "एवढा मोठा मावला कसा म्हणायचा? थांब, आपण त्याला सुपात घालू."

"पोटातला गोळा सुपात?"

"घालून तर बघू. सांग, कशाचा हाय गोळा? शाळेचा?"

मुक्ता विचार करायला लागली. शाळेत तर तिची मैत्रीण आहे, खिचडी आहे, चिंचेचं झाड आहे. "न्हाई, शाळेचा न्हाई."

"मग शाळा गेली उडून," आज्जी म्हणाली आणि तिनं सूप वर उडवलं, फट्! कोंडा भुर्रकन अंगणात गेला. "गणिताचा?"

"न्हाई, गणित येतंय मला."

फट्! आणखी कोंडा गेला.

"कन्नडचा?"

मुक्ता गप्प झाली. जीभ दातावर गेली, पुढं, मागं. मग हळूच म्हणाली, "थोडा."

तिची शाळा मराठी, पण कन्नडचा तास असतोच की. अक्षरं गोल गोल, जिलेबीसारखी, आणि खरं सांगायचं तर मुक्ताला ती काढायला आवडायची.

"सगळ्या कन्नडचा?" आज्जीनं विचारलं.

"न्हाई. वाचायचा. मोठ्यांदा वाचायचा."

"सगळा धडा?"

"न्हाई... एकच शब्द." आणि मग सगळं भडाभडा बाहेर आलं, की शुक्रवारी बाईंनी तिला उभं केलं आणि वाक्य होतं 'नानु हालु कुडियुत्तेने', म्हणजे मी दूध पिते, आणि तिनं हालुच्या जागी हल्लु वाचलं, आणि हल्लु म्हणजे दात, म्हणजे ती म्हणाली मी दात पिते, आणि सगळा वर्ग हसला, शेवटच्या बाकापर्यंत हसला, आणि उद्या परत तिचा नंबर आहे.

आज्जीनं सूप खाली ठेवलं. मुक्ताला जवळ घेतलं. बराच वेळ दोघी तशाच बसल्या, बाहेर पाऊस बारीक पडत होता. हसलेलं लागतं हो मनाला, लहान असो की मोठा.

मग आज्जी म्हणाली, "बघ तरी, सुपात काय उरलंय."

कोंडा सगळा गेला होता. पांढरेशुभ्र तांदूळ, आणि मधेच एक काळा खडा. शेंगदाण्याएवढा पण नव्हे.

आज्जीनं तो उचलून मुक्ताच्या तळहातावर ठेवला. "हा बघ तुझा गोळा. आता ह्याला नाव ठेव. नावानं हाक मारता आली म्हणजे त्याच्याशी बोलता येतंय."

मुक्तानं खडा उलटापालटा करून बघितला. मग पुस्तक आणलं आणि तो शब्द काढला. हल्लु लिहिताना लच्या खाली अजून एक बारका ल लटकलेला असतो, तोच तर तिला फसवायचा!

"लटक्या!" मुक्ता म्हणाली. "ह्याचं नाव लटक्या."

"झकास. लटक्या म्हणजे खोटा पण होतंय. लटका राग, लटकं रडं."

"पण हा खोटा न्हाई आज्जी. पोटात खरंच होतंय."

"होय गं बाळा, खरंच होतंय," आज्जी म्हणाली.

संध्याकाळी आईनं दुधाची किटली दिली. शेजारच्या गल्लीत एक अक्का राहते, तिच्या घरी म्हैस आहे, आणि ती कन्नड बोलते. रोज मुक्ता नुसती किटली पुढं करायची आणि बोट दाखवायची. आज तिनं खिशात लटक्याला घेतलं. "मी जाऊन येतो गं आज्जी!" (आमच्याकडं मुली पण 'येतो' म्हणतात.)

अक्काच्या दारात गेल्यावर लटक्या पोटात उड्या मारायला लागला. मुक्ता त्याला म्हणाली, "लटक्या, कळलं मला तू आलास. बस गप खिशात." आणि तिनं एक मोठ्ठा श्वास घेतला आणि हळूहळू सोडला, फूऽऽऽ, आज्जीच्या सुपातला कोंडा उडवल्यासारखा.

"एनु बेकु पुट्टी?" अक्कानं विचारलं, म्हणजे काय पाहिजे गं पोरी.

"अक्का... हा... हालु बेकु."

अक्काचं तोंड एवढं मोठं झालं आनंदानं! "हालु! हौदु, हालु!" तिनं माप भरून दूध ओतलं, वर आणखी एक धार घातली. मग मुक्तानं स्वतःच्या हलणाऱ्या दाताला बोट लावलं आणि विचारलं, "आणि हे?"

"इदु हल्लु," अक्का म्हणाली, आणि स्वतःचे सगळे दात दाखवले.

मुक्ता जिभेनं दात ढकलत उभी राहिली. पुढं, मागं. आणि मग ती दारातच ओरडली, "अक्का! माझा हल्लु हलतोय! हलतोय तो हल्लु!"

अक्काला मराठी कळतं थोडं थोडं. ती पोट धरून हसली, आणि मुक्ता पण हसली, आणि किटलीतलं दूध जरासं सांडलं, ते मांजरीनं चाटलं.

सोमवारी कन्नडचा तास आला. बाईंनी नाव घेतलं तेव्हा लटक्या पोटात आला की नाही? आलाच. पण आता तो तेवढासाच होता, आणि मुक्ताला त्याचं नाव माहीत होतं. तिनं कंपास पेटीवर हात ठेवला, आत खडा वाजला, टिक. फूऽऽऽ.

"नानु... हालु... कुडि... कुडियु..."

कुडियुत्तेने मधेच अडकलं. मागून कुणीतरी खुसखुसलं. बाई म्हणाल्या, "सावकाश." मुक्तानं परत सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाचलं.

रात्री अंथरुणात आज्जीनं विचारलं, "लटक्या केवढा हाय आज?"

मुक्तानं चिमूट दाखवली. मग चिमूट आणखी दाबली.

"मग टाकून देऊ अंगणात?"

"नको," मुक्ता झोपेतच म्हणाली, "राहू दे. त्याला अजून कुडियुत्तेने येत न्हाई."