सहामाही प्रगती अहवाल: गुलाबी बोंडअळी निरीक्षण, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

सन्माननीय फेलोशिप समितीस,

कापूस उत्पादकांनी कामगंध सापळ्यांतील पतंग स्वतः मोजावेत आणि सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात 8 किंवा अधिक पतंग आढळल्यासच फवारणी करावी, हे या कामाचे उद्दिष्ट आहे. निवडलेल्या 4 गावांपैकी 3 गावांत नोंदवह्या नियमित भरल्या गेल्या. फवारणीचा खर्च घटल्याचे काही शेतकरी सांगतात. मात्र तुलनेसाठी मागील हंगामाच्या पावत्या उपलब्ध नसल्याने तसा दावा येथे केलेला नाही.

चौथ्या गावातील काम थांबले आहे. वेचणीच्या दिवसांत मोजणी करणाऱ्या महिला मजुरीवर जातात, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण मोजणीचा मोबदला अंदाजपत्रकात धरलेला नव्हता. शिवाय उभ्या पऱ्हाटीत अळीला आश्रय मिळतो हे ठाऊक असूनही, ओलिताची सोय असलेले शेतकरी हाती येणाऱ्या पैशासाठी फरदड घेतात. आमच्या बैठकांनी त्यात फरक पडलेला नाही.

पुढील सहामाहीत नवे गाव घेणार नाही. प्रवासखर्चातील शिल्लक मोजणीच्या मानधनाकडे वळवण्यास आपली मान्यता हवी आहे. फरदडीऐवजी हरभरा घेण्यास तयार असलेल्या शेतकऱ्यांच्या जमाखर्चाची नोंद ठेवू, आणि फवारणीच्या पावत्या या हंगामापासून जपल्या जात आहेत.