रक्तशर्करेचे ऋण प्रत्याभरण: आकृती आणि वाचन

मध्यरेषा: उपाशीपोटी साधारण ७० ते १०० मिग्रॅ/डेसिलि.

वरचे वर्तुळ
जेवण → रक्तात ग्लुकोज वाढते → स्वादुपिंडातील बीटा पेशी ते ओळखतात → इन्सुलिन स्रवते → स्नायू व मेदपेशी ग्लुकोज आत घेतात, यकृत त्याचे ग्लायकोजेन करून साठवते → ग्लुकोज उतरते ⊣ इन्सुलिनचे स्रवणे

खालचे वर्तुळ
उपास किंवा व्यायाम → ग्लुकोज घटते → अल्फा पेशी → ग्लुकागॉन → यकृत ग्लायकोजेन फोडते, नवे ग्लुकोजही बनवते → ग्लुकोज चढते ⊣ ग्लुकागॉनचे स्रवणे

खरी गोम ⊣ या ‘रोखणे’ दाखवणाऱ्या खुणेत आहे. इन्सुलिनमुळे साखर उतरली, की इन्सुलिन स्रवण्याचे कारणच उरत नाही. परिणाम स्वतःच्या कारणाला लगाम घालतो. ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे, बदलाच्या उलट दिशेचे. साखर घटल्यावर ग्लुकागॉन ती वाढवते, तेही ऋण प्रत्याभरणच. परीक्षेत इथेच गफलत होते.

दोन्ही वर्तुळे आळीपाळीने चालू-बंद होत नाहीत. दोन्ही संप्रेरके रक्तात कायम थोडी असतात, फक्त पारडे झुकते. साखरेचा आलेखही सपाट नसतो, मध्यरेषेभोवती हेलकावतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात बीटा पेशी नष्ट होतात, म्हणजे वरचे वर्तुळ तिसऱ्या बाणाशीच तुटते.