तुम्ही पाठवलेल्या सातबाऱ्याबद्दल

नमस्कार भाऊ,

सातबाऱ्याचा फोटो मिळाला. सोबत काही लिहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला नक्की काय पाहिजे ते मला समजलं नाही. अंदाजाने सल्ला दिला आणि तो भलत्याच गोष्टीचा निघाला, तर जमिनीच्या बाबतीत ते महागात पडतं. म्हणून कागदावर काय आहे ते आधी सांगतो, शेवटी एकच प्रश्न विचारतो. मोबाइलवर दिसणारं तुमचं नाव खात्यातल्या दुसऱ्या नावाशी जुळतं, तेव्हा तुम्ही सहमालक आहात असं धरून लिहितोय. तसं नसेल तर आधी ते सांगा.

वरच्या भागात तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ, भूमापन क्रमांक 84/2 आहे. 84 हा मूळ नंबर, 2 हा त्याचा उपविभाग. 84/1 वेगळ्या माणसाचं असू शकतं, तेव्हा कुठल्याही अर्जात नुसतं 84 लिहू नका. धारणा पद्धती 'भोगवटादार वर्ग 1' आहे, हे चांगलं. वर्ग 2 असता तर विक्रीआधी सरकारी परवानगीचा प्रश्न आला असता.

क्षेत्राचे आकडे हेक्टर-आरमध्ये आहेत, एकरात नाहीत. जिरायत 1.6200 म्हणजे 1 हेक्टर 62 आर, बागायत 0.4000 म्हणजे 40 आर. मिळून 2.02 हेक्टर, म्हणजे साधारण पाच एकर. त्याखाली पोटखराब वर्ग 'अ' 6 आर आहे: खडक, नाला, धुरा यांसारखी पेरणीला न येणारी जागा. ती तुमच्याच मालकीची, फक्त तिच्यावर आकारणी नाही. वर्ग 'ब' कोरा आहे, म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेली जागा इथे दाखवलेली नाही. पण तुमच्या वावरातून पांधण जात असेल, तर हा रकाना कोरा आहे म्हणून ती नाही असं समजू नका. पांधण गावाच्या नकाशावर पाहावी लागते. आकार 5.15 म्हणजे सरकारी सारा. जमिनीच्या किमतीशी त्याचा संबंध नाही.

आता नावं. इथे थोडं थांबून वाचा, कारण वाद बहुतेक याच रकान्यातून निघतात. खाते क्रमांक 212. तुमच्या वडिलांचं नाव कंसात आणि रेघ मारलेलं आहे, म्हणजे ती नोंद आता चालू नाही. पुढे फेरफार 968 दिला आहे, तो बहुधा वारसाचा. त्याखाली पाच नावं: एका बाईंचं, जे तुमच्या आईचं असावं, मग तुमचं, दोन बहिणींचं आणि धाकट्या भावाचं. पाचांसमोर क्षेत्र एकत्र दिलेलं असून 'सामाईक क्षेत्र' असं लिहिलंय. कोणाचा हिस्सा किती आणि कोणत्या बाजूचा, हे इथून कळत नाही. पूर्वेकडचं वावर तुम्ही वाहता आणि पश्चिमेकडचं भाऊ, असं घरात ठरलं असेल. सरकारी दप्तराला ते माहीत नाही. बहिणींची लग्नं झाली म्हणून त्यांचं नाव आपोआप निघत नाही. त्यांना हिस्सा सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र नोंदणी कार्यालयात नोंदवावं लागतं. साध्या कागदावरची सही चालत नाही, आणि ती घ्यायला मी तुम्हाला सुचवणारही नाही.

धाकट्या भावाच्या नावापुढे 'अ.पा.क.' आणि आईचं नाव आहे. नोंद झाली तेव्हा तो अज्ञान होता आणि आई पालनकर्ती होती, एवढाच त्याचा अर्थ. आता तो अठरा वर्षांचा झाला असेल तर जन्माचा पुरावा जोडून पटवाऱ्याकडे अर्ज करायचा आणि हा शेरा काढून घ्यायचा. तसाच राहिला तर कर्ज किंवा विक्रीच्या वेळी अडचण येते.

कुळाचा रकाना रिकामा आहे. 'इतर अधिकार' यात मात्र गावच्या सेवा सहकारी संस्थेचा 1,20,000 रुपयांचा बोजा आहे, फेरफार 1042. कर्ज फिटलं असेल तरी बोजा कागदावरून आपोआप जात नाही. संस्थेचा बेबाकी दाखला पटवाऱ्याकडे द्यावा लागतो, मग तो कमी करण्याचा वेगळा फेरफार होतो.

खाली गाव नमुना बारा आहे. खरीप 2024-25 मध्ये कापूस 1.20, तूर 0.42 आणि उरलेले 40 आर पड. जलसिंचनाचं साधन विहीर. बागायत वावर खरंच पड होतं का, की ई-पीक पाहणी करायची राहिली? विचारायचं कारण असं की सीसीआयच्या केंद्रावर कापूस घालताना सातबाऱ्यावर कापसाची नोंद पाहतात. पीक कर्ज, विमा आणि नुकसानभरपाईच्या वेळीही हाच नमुना मागतात.

तुमचा फोटो भूलेखच्या मोफत प्रतीचा दिसतो. ती पाहण्यापुरती असते, कायदेशीर कामाला चालत नाही. बँकेत किंवा न्यायालयात लागणार असेल तर डिजिटल सहीची प्रत 15 रुपयांत निघते. आणि एक गोष्ट: सातबारा हा मुळात महसुली कागद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत त्यावरच्या नोंदी खऱ्या धरतात, पण मालकी केवळ तेवढ्याने पक्की होत नाही. खरेदीखत, वाटणीपत्र आणि वारसाचे कागद जपून ठेवा.

हे सगळं वाचताना माझं लक्ष एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा गेलं. 'प्रलंबित फेरफार' यापुढे 'आहे' असं लिहिलंय. म्हणजे या गटावर काहीतरी बदल दाखल झालाय आणि तो अजून मंजूर किंवा नामंजूर झालेला नाही. तो बोजा कमी करण्याचा साधा फेरफार असेल. पण कुणीतरी आपला हिस्सा विकला, असाही असू शकतो. सातबाऱ्यावरून मला ते कळत नाही. 'आपली चावडी'वर गाव निवडलं की फेरफाराची नोटीस दिसते, नाहीतर पटवाऱ्याकडे नमुना नऊची नोटीस पाहायला मागा. हरकतीची मुदत नोटिशीपासून 15 दिवसांची असते. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून उपयोग नाही. मुदत निघून नोंद मंजूर झाली तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

म्हणून माझा प्रश्न असा: हा प्रलंबित फेरफार तुम्हाला माहीत आहे का, आणि त्यासाठीच तुम्ही सातबारा पाठवला का? की तुम्हाला भावाबहिणींमध्ये वाटणी करून वेगळा सातबारा हवाय, की संस्थेचं कर्ज फिटून बोजा काढायचाय? तिन्ही कामांची वाट वेगवेगळी आहे. वाटणीसाठी तहसीलदार, बोजासाठी संस्था आणि पटवारी, आणि हरकतीसाठी तर आजच पटवारी कार्यालय.

यातलं नेमकं काय ते एका ओळीत कळवा. घरी नोटीस आली असेल तर तिचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, तारीख नीट दिसेल असे. आईला विचारूनच उत्तर द्या, कारण खात्यात पहिलं नाव त्यांचं आहे आणि तुम्ही जे कराल ते त्यांना माहीत असायला हवं.