सावंत काकूंना, गच्चीच्या कामाबद्दल

नमस्कार काकू,

मे महिन्यात गच्चीचं काम संपलं तेव्हा तुम्ही स्वतःहून म्हणाला होतात, "कुठे काही लिहायचं असेल तर सांग." तेव्हा मुद्दामच विषय लांबणीवर टाकला. वॉटरप्रूफिंगचा खरा निकाल पावसाळाच देतो. ४८ तास पाणी साठवून चाचणी घेतली होती, पण चिपळूणचा जुलै ही वेगळीच परीक्षा. आता ऑक्टोबर लागला, आणि परवा फोनवर तुम्ही म्हणालात की आतल्या खोलीचं छत कोरडं आहे, म्हणून आज विचारतोय.

सवडीने गूगलवर तीन-चार ओळी लिहाल का? लिंक याच्या खालच्या मेसेजमध्ये आहे. स्टार किती द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. गळती काय होती, काम किती दिवस चाललं आणि पावसात काय झालं, एवढं आलं तरी वाचणाऱ्याला कळतं. तुमच्याकडचं एक मात्र लोकांना खरंच उपयोगी पडेल: सगळ्यांना संशय टाकीखालच्या कोब्याचा होता, आणि पाणी उतरत होतं पॅरापेटच्या कोपऱ्यातल्या तडकलेल्या वाट्यातून. वरून नुसता रंग मारला असता तर पैसे वाया गेले असते.

जे खटकलं तेही लिहा. पाच दिवस सांगून सात लागले, आणि कोबा फोडतानाची धूळ जिन्यातून थेट देवघरापर्यंत गेली, ते आम्ही विसरलेलो नाही.

गूगलवर सहसा तुमच्या खात्याचं नाव आणि फोटो सगळ्यांना दिसतो. ते नको असेल तर एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा. तो आम्ही तुमच्याच शब्दांत उतरवून आधी तुम्हाला वाचायला पाठवू. तुम्ही हो म्हणालात तरच आमच्या माहितीपत्रकात "चिपळूण, ६४० चौरस फुटांची गच्ची" एवढ्याच ओळखीने छापू. घराचे फोटो टाकू नका, पत्ताही नको.

याच्या बदल्यात सवलत किंवा भेट देत नाही. गूगलला ते चालत नाही, आणि तसल्या शब्दांना किंमतही उरत नाही. लिहिलंत काय, नाही काय, पाच वर्षांच्या वॉरंटीत फरक पडणार नाही. नोव्हेंबरमध्ये पन्हळीची जाळी आणि पाइपाभोवतीचे सांधे बघायला मुलगा येणारच आहे.

जमलं नाही तर उत्तर द्यायचीही गरज नाही. याची पुन्हा आठवण करून देणार नाही.

एक राहिलंच. भिंतीला कुठे हात लावून ओल जाणवत असेल, किंवा पोपडे सुटत असतील, तर त्यासाठी मात्र लगेच फोन करा. भिंत पुरती वाळायच्या आत रंगारी लावू नका. रंग पुन्हा फुगतो.

काकांना नमस्कार.

आपला,
महेश
(गच्चीचं कामवाला)