बाळाचं टोपरं: मावशीच्या तोंडी विणीवरून

मावशीने सांगितलेलं एवढंच: "चौऱ्याहत्तर टाके घाल, दोन बोटं पट्टी, चार बोटं साधं, मग टाळूला घटवत ने." तिच्या हाताला ते पुरतं, नव्याने शिकणाऱ्यांसाठी ओळवार लिहिलं आहे.

८ नंबरच्या सुया, मऊ लोकर. १० सें.मी.त २२ टाके यायला हवेत; आधी तुकडा विणून मोजाच.

खुणा: सु = सुलट, उ = उलट, २ए = दोन टाके एकत्र सुलट. कंसातलं ८ वेळा. शेवटी ओळीनंतरचे टाके.

७४ टाके घाला.
ओळ १–८: सु१, उ१ शेवटपर्यंत (७४)
ओळ ९–२८: विषम ओळ सु, सम ओळ उ (७४)

टाळू. ३० ते ४२ सम ओळी सगळ्या उ.
२९: सु१, (सु७, २ए), सु१ (६६)
३१: सु१, (सु६, २ए), सु१ (५८)
३३: सु१, (सु५, २ए), सु१ (५०)
३५: सु१, (सु४, २ए), सु१ (४२)
३७: सु१, (सु३, २ए), सु१ (३४)
३९: सु१, (सु२, २ए), सु१ (२६)
४१: सु१, (सु१, २ए), सु१ (१८)
४३: सु१, (२ए), सु१ (१०)

कडेचे दोन टाके शिवणीत जातात, म्हणून ते कधीच घटवायचे नाहीत. मावशी हे सांगत नाही, तिची बोटं आपोआप करतात.

लोकर हातभर ठेवून कापा, १० टाक्यांतून ओवून घट्ट ओढा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घाला. गाठ बाहेरच्या बाजूला नको, पण आतही बाळाच्या टाळूला टोचणार नाही अशी सपाट बसवा.