नवीन घरगुती वीजजोडणी मुदत उलटूनही न मिळाल्याबाबत तक्रार अर्ज

दिनांक : 10 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
वीज वितरण कंपनी,
ग्रामीण उपविभाग कार्यालय, जि. सोलापूर

अर्जदार : संजय मारुती जगताप,
जगताप वस्ती, मु. पो. पिंपळवाडी, जि. सोलापूर

विषय : घरगुती सिंगल फेज नवीन जोडणी (मागणी भार 2 किलोवॅट) कोटेशन भरून व टेस्ट रिपोर्ट देऊन 82 दिवस झाले तरी न मिळाल्याबाबत.

संदर्भ : 1) ऑनलाइन अर्ज दि. 4 ऑगस्ट 2025. 2) कोटेशन भरल्याची पावती दि. 18 ऑगस्ट 2025. 3) टेस्ट रिपोर्ट जमा केल्याची पोच दि. 20 ऑगस्ट 2025. 4) हेल्पलाइनवरील तक्रार दि. 29 सप्टेंबर 2025.

महोदय,

मी पिंपळवाडी येथील शेतकरी असून गावाबाहेर स्वतःच्या शेतात तीन खोल्यांचे घर बांधले आहे. घरात मी, पत्नी, दहावीत शिकणारा मुलगा, सहावीतली मुलगी आणि 72 वर्षांची आई असे पाच जण राहतो. गावठाणातल्या जुन्या घराची मागची भिंत गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात खचली, म्हणूनच हे घर बांधावे लागले. आम्ही 26 ऑगस्टला, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, इथे राहायला आलो. तेव्हा पुढच्या आठवड्यात मीटर बसेल अशी खात्री होती, कारण तसे आम्हाला आपल्याच कार्यालयात सांगण्यात आले होते.

अर्जासोबत नमुना 8 चा उतारा, आधार कार्ड आणि फोटो जोडले होते. 11 ऑगस्टला आपले कर्मचारी जागा पाहून गेले. बांधावरच्या पोलपासून घराच्या भिंतीपर्यंतचे अंतर त्यांनी टेप लावून मोजले, ते 24 मीटर भरले. नवीन पोल लागणार नाही, लाइन वाढवावी लागणार नाही, डीपीवर भारही शिल्लक आहे, असे त्यांनी मला जागेवरच सांगितले व तसे तपासणी अहवालात लिहिले. 14 ऑगस्टला कोटेशन मिळाले. 3,640 रुपये मी 18 तारखेला भरले. परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग करून घेतले, मीठ-कोळसा घालून अर्थिंग केले, ईएलसीबी बसवली आणि 20 ऑगस्टला टेस्ट रिपोर्ट आपल्या कार्यालयात दिला. त्या दिवशी खिडकीवर मी मुद्दाम विचारले की अजून काही कागद राहिला आहे का. उत्तर मिळाले, "सगळे आले. पंधरा दिवसांत मीटर लागेल."

तो शब्द तोंडी असला तरी नियमाला धरूनच होता. केंद्र सरकारच्या विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, 2020 मध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार सर्व बाबतींत पूर्ण असलेल्या अर्जावर ग्रामीण भागात 15 दिवसांत जोडणी देणे बंधनकारक आहे. त्याआधी ही मुदत 30 दिवसांची होती. मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजावी की टेस्ट रिपोर्टपासून, यावर मी वाद घालत नाही. आपल्याला सर्वांत सोयीची, म्हणजे 20 ऑगस्ट ही तारीख धरली तरी मुदत 4 सप्टेंबरला संपली. आज त्यानंतरचा 67 वा दिवस आहे. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 43 मध्येही अर्ज मिळाल्यापासून एक महिन्यात पुरवठा देण्याचे कर्तव्य सांगितले आहे आणि ते न पाळल्यास दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लाइन किंवा उपकेंद्र वाढवावे लागत असेल तर जास्त मुदत मिळते, पण आमच्या जागेला तसे काही लागत नाही हे आपल्याच अहवालात लिहिलेले आहे.

मुदत संपल्यानंतर मी कार्यालयात 9 सप्टेंबर, 17 सप्टेंबर, 29 सप्टेंबर, 14 ऑक्टोबर, 28 ऑक्टोबर आणि 4 नोव्हेंबर असा सहा वेळा आलो. वस्तीपासून कार्यालय 18 किलोमीटर आहे. सकाळची धार काढून, डेअरीला दूध घालून निघालो की परत यायला दुपारचे दोन वाजतात, म्हणजे प्रत्येक खेपेला अर्धा दिवस मोडतो. पहिल्यांदा "मीटर शिल्लक नाहीत" असे सांगितले. दुसऱ्यांदा "स्टोअरला मागणी टाकली आहे", नंतर "एजन्सीकडे यादी दिली आहे, त्यांचा माणूस फोन करेल", आणि मागच्या मंगळवारी पुन्हा "मीटर शिल्लक नाहीत". एकदाही कोणी हे लिहून दिले नाही. एजन्सीचा फोन आजपर्यंत आलेला नाही.

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे नमूद करतो. सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पूर आला तेव्हा आपल्या लाइनमननी गुडघाभर चिखलात पोल उभे केले, रात्री-अपरात्री लाइन चालू केली. ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याबद्दल गावात कोणाच्याही मनात आदरच आहे. त्या दिवसांत माझे काम मागे पडले असते तर मी अवाक्षर काढले नसते. पण आमची मुदत पुराच्या आधीच संपली होती, आणि पूर ओसरून आता महिना उलटून गेला आहे.

29 सप्टेंबरला कार्यालयातून बाहेर पडल्यावर मी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. 2 ऑक्टोबरला सकाळी मोबाइलवर संदेश आला : "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." त्या दिवशी गांधी जयंती होती, दसराही होता आणि कार्यालय बंद होते. त्या तीन दिवसांत वस्तीवर कोणी आले नव्हते, मला कोणाचा फोन नव्हता. काम न करता तक्रार बंद करणे ही मला उशिराइतकीच गंभीर गोष्ट वाटते, कारण आपल्या वरिष्ठांच्या नोंदीत माझी अडचण सुटलेली दिसत असणार. ही तक्रार कोणी, काय शेरा मारून बंद केली याची चौकशी व्हावी.

आमच्या नंतर, सप्टेंबरमध्ये अर्ज केलेल्या जवळच्या वस्तीवरच्या एका घरी 22 ऑक्टोबरला मीटर लागला. त्या कुटुंबाला वीज मिळाली याचा आम्हाला आनंद आहे, त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. परंतु मीटर शिल्लक नव्हते तर तो कोठून आला, आणि शिल्लक होता तर अर्जाच्या क्रमाने आमचा नंबर का लागला नाही, एवढे विचारण्याचा मला हक्क आहे.

17 सप्टेंबरला मला कार्यालयात असेही सुचवण्यात आले की, "तोवर भावाच्या मीटरवरून वायर ओढून घ्या, कोण बघतंय?" हे मी केले नाही आणि करणार नाही. ज्या जागेसाठी वीज मंजूर आहे ती सोडून दुसऱ्या जागेत वापरणे हा कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. उद्या भरारी पथक आले तर दंडाचे बिल माझ्या भावाच्या नावावर निघेल, सल्ला देणाऱ्याच्या नाही. शिवाय पावसात चिखलातून चारशे मीटर उघडी वायर टाकायची आणि शेजारी लेकरे, गुरे फिरायची, हे मला पटत नाही.

त्यामुळे आम्ही अंधारात आहोत. आईला दम्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी नेब्युलायझर घ्यायला सांगितले आहे. त्यासाठी तिला रोज भावाच्या घरी न्यावे लागते, जाताना उजेड असतो, येताना नसतो. 21 सप्टेंबरला रात्री परत येताना आमच्याच उंबऱ्यापाशी घोणस वेटोळे घालून पडली होती. मोबाइलच्या उजेडात माझ्या पत्नीला ती दोन पावलांवर दिसली. मोबाइलची बॅटरी त्या वेळी संपलेली असती तर काय झाले असते, या विचाराने त्या रात्री घरात कोणाला झोप लागली नाही. तेव्हापासून अंधार पडल्यावर मुलांना आम्ही घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. मुलाची दहावीची परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे. चार्जिंगचा दिवा दोन तास पुरतो, तोही दुकानावरून चार्ज करून आणावा लागतो. त्यातला एक तास तो अभ्यासाला घेतो आणि एक तास त्याच्या आईला चुलीपुढे लागतो. लक्ष्मीपूजनाला आम्ही नव्या घरात पणत्या लावल्या. त्या रात्री भोवतीच्या सगळ्या वस्त्यांवर दिवे दिसत होते.

ओसरीत मीटरसाठी लाकडी बोर्ड बसवून, वायरची टोके बाहेर काढून ठेवली आहेत. बोर्डाला वायरसाठी पाडलेल्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केले आहे. ते मी दोनदा काढले, ती पुन्हा करते. जागा तयार नव्हती असे उद्या कोणी म्हणू नये म्हणून त्याचा फोटो सोबत जोडत आहे.

आमच्याकडे स्मार्ट मीटर लागावा की साधा, यावर माझे काही म्हणणे नाही. कंपनीकडे मीटर खरोखरच नसेल तर तसे लेखी द्यावे. कलम 55 प्रमाणे ग्राहकाला स्वतः मीटर विकत घेण्याची मुभा आहे. कोणत्या बनावटीचा आणि कोणत्या क्षमतेचा घ्यायचा, तपासणी कोठे करायची, हे कळवल्यास मी तो आठवड्यात आणून देईन. मात्र माझी पहिली विनंती हीच आहे की हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत, म्हणजे 17 नोव्हेंबरपर्यंत, आपण मीटर बसवून पुरवठा चालू करावा. काही कारणाने ते शक्य नसेल तर कारण आणि निश्चित तारीख आपल्या सहीने लेखी कळवावी. "होईल, बघतो" हे उत्तर आता मला चालणार नाही.

यासोबत, 20 ऑगस्टपासून आजपर्यंत आपल्या उपविभागात घरगुती सिंगल फेज जोडण्या ज्या क्रमाने दिल्या त्या यादीची प्रत मिळावी. इतर ग्राहकांची नावे झाकून दिली तरी चालेल, मला फक्त अर्जाची आणि जोडणीची तारीख हवी आहे. तसेच महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2021 च्या विनियमांत कृतीची मानके आणि ती न पाळल्यास द्यायची भरपाई ठरवून दिली आहे. 4 सप्टेंबरनंतरच्या विलंबाची भरपाई त्या विनियमांप्रमाणे हिशेब करून माझ्या पहिल्या बिलात जमा करावी. रक्कम किती होते यापेक्षा विलंब झाला हे कागदावर मान्य होणे मला महत्त्वाचे वाटते.

17 नोव्हेंबरपर्यंत जोडणी किंवा लेखी उत्तर न मिळाल्यास मी ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तेथेही न्याय न मिळाल्यास विद्युत लोकपालाकडे दाद मागेन. त्या वेळी हेच पत्र व सोबतचे कागद पुरावा म्हणून जोडले जातील. तशी वेळ येऊ नये ही मनापासून इच्छा आहे. ओळखीतून किंवा कोणाच्या चिठ्ठीवर काम करून घेण्याचा मी प्रयत्न केलेला नाही, पुढेही करणार नाही.

मीटर बसवायला येण्याआधी अर्जावर नोंदवलेल्या माझ्या मोबाइलवर एक फोन करावा. घरी कोणी ना कोणी असतेच. पोलवर चढायला लागणारी शिडी आणि मदतीला एक माणूस मी तयार ठेवीन.

या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्क्यासह पोच द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)
संजय मारुती जगताप

सोबत : ऑनलाइन अर्जाची प्रत, तपासणी अहवालाची प्रत, कोटेशन व पैसे भरल्याची पावती, टेस्ट रिपोर्ट व त्याची पोच, 2 ऑक्टोबरच्या संदेशाचा फोटो, आईच्या औषधोपचाराच्या चिठ्ठीची प्रत, मीटर बोर्डाचा व पोलपर्यंतच्या अंतराचा फोटो.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. कार्यकारी अभियंता, विभागीय कार्यालय.